मदत हवी आहे: सोफा क्लिनिंगच्या लेखाचं प्रूफरीडिंग

दुपारचा_पसारा: बहिणीचा सोफा साफ करून द्यायचा छोटा धंदा आहे, साइटसाठी लेख तिने लिहिलाय आणि तपासायचं माझ्या गळ्यात पडलंय. हेडिंगं अशी लावलीत, h4 का तर तो साइज छान दिसतो म्हणे:

```
<h1>सोफा घरी कसा साफ ठेवायचा</h1>
<h4>धूळ काढणे</h4>
<h2>डाग पडल्यावर</h2>
<h4>शाईचे डाग</h4>
```

लेखाचं नाव थीम वर आपोआप टाकतेच. शिवाय तीनदा 'येथे क्लिक करा', प्रत्येक परिच्छेदात 'आमची अनुभवी टीम', आणि कुठे धूळीचे कुठे धुळीचे. काय काय बदलू?

फटाफट: हेडिंगचं टेन्शन नका घेऊ, क्रम चुकला तरी गूगलला काही फरक पडत नाही. सगळं बोल्ड करून मोठं करा, झालं काम.

कानामात्रा: गूगलचं म्हणणं साधारण तसंच आहे, पण बोल्डचा सल्ला नको. स्क्रीन रीडर वापरणारे H दाबून एका हेडिंगवरून दुसऱ्यावर जातात, नुसता बोल्ड मजकूर त्यांना तिथे सापडतच नाही. थीम नाव h1 मध्ये टाकते का ते पेज सोर्समध्ये `<h1` शोधून बघा, दोनदा दिसलं तर लेखातलं काढा. मग 'धूळ काढणे' आणि 'डाग पडल्यावर' दोन्ही h2, आणि शाईचे डाग हा डागांचाच भाग म्हणून h3. साइज आवडत नसेल तर तो सीएसएसमध्ये बदला, लेव्हल बदलून नाही.

लिंकांचं पण तसंच, त्यांची यादी उघडली की तीन वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू येतं, कुठली कशाची कळायला मार्गच नाही. 'दर बघण्यासाठी येथे क्लिक करा' ऐवजी 'सोफा क्लिनिंगचे दर' एवढ्याच शब्दांना लिंक द्या.

गादीवाला: माझ्याही सोफ्यावर शाई सांडलीये, स्पिरिट चालेल का?

कानामात्रा: दादा, इथे लेखावरचे डाग काढतोय 😀

पसारा, शुद्धलेखनात धूळ दीर्घ, पण धुळीचे, धुळीने ऱ्हस्व. तसंच किंमत, पण किमतीत, तिथे अनुस्वार जातो. म्हणून 'धूळ' सरसकट रिप्लेस करू नका, 'धूळी' शोधा. 'अनुभवी टीम' Ctrl+F ने शोधून पहिल्या परिच्छेदात एकदाच ठेवा, बाकी ठिकाणी टीम काय करते ते लिहा, म्हणजे 'आम्ही आधी कापडाच्या कोपऱ्यावर थोडंसं लावून बघतो' असं.

दुपारचा_पसारा: सोर्समध्ये h1 दोनदाच निघाला, लेखातला काढला. आता क्लिनिंग की क्लीनिंग, लेखात दोन्ही आहेत.

फटाफट: क्लीनिंग, उच्चार लांब आहे.

कानामात्रा: मी ऱ्हस्वच लिहिते, पण यावर भांडणारे भरपूर आहेत. कुठलंही एक धरा, फक्त मेन्यूत आणि बटणावर पण तेच आहे ना बघा.