मदत हवी आहे: १४० जणांकडून फॉर्म भरून घ्यायचाय, आठवण कशी लिहू?

घाईत_आहे: संस्थेच्या १४० सभासदांना फॉर्म पाठवलाय, आलेत जेमतेम ३५. शुक्रवारी यादी पुढे द्यायची आहे. लोक खरंच भरतील असा मजकूर सुचवा, लवकर.

वाटसरू: पहिला निरोप टाका की. ईमेल का व्हॉट्सॲप? फॉर्म कशासाठी?

घाईत_आहे: ईमेल, सगळ्यांना बीसीसी. "सर्व सभासदांनी सोबतचा फॉर्म लवकरात लवकर भरून सहकार्य करावे." ओळखपत्रं छापायची आहेत. आता "बहुतेकांनी अद्याप फॉर्म भरलेला नाही, ही खेदाची बाब आहे" असं लिहिणार होते.

तात्या_स्पष्टवक्ते: खेद कसला! "न भरल्यास नाव वगळू" लिहा. पटापट येतात.

कोरा_कागद: माझे फॉर्मचे आकडे एक्सेलमध्ये तारखा होऊन बसतात, कुणी सांगेल?

वाटसरू: वेगळा धागा काढा हो.

मृण्मयी: तात्या, खरंच वगळणार असाल तरच ते लिहावं, नाहीतर पुढच्या वेळी कुणी दाद देत नाही. ताई, "बहुतेकांनी भरलेला नाही" तेवढं काढाच. ते वाचून न भरणाऱ्याला वाटतं, आपण एकटे नाही, मग कसली घाई? "लवकरात लवकर" म्हणजे कधीच नाही. आणि "सर्व सभासदांनी" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे भरतील. आलेली ३५ नावं यादीतून काढा आणि उरलेल्यांनाच, मेल मर्जने नाव घालून, पाठवा:

विषय: ओळखपत्रासाठी तुमची माहिती, गुरुवार संध्याकाळी ६ पर्यंत

"(नाव), ओळखपत्रं शुक्रवारी छपाईला जात आहेत. तुमची माहिती अजून यायची आहे. गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत इथे भरा: (लिंक). आठ प्रश्न आहेत, रक्तगट माहीत करून ठेवा. अडलं तर याच ईमेलला उत्तर द्या."

प्रश्न किती ते तुमच्या फॉर्मप्रमाणे बदला. लिंकच्या वर याहून जास्त मजकूर नको.

तात्या_स्पष्टवक्ते: शुक्रवारचं काम, मग गुरुवार सांगणं म्हणजे खोटंच की.

मृण्मयी: छपाई शुक्रवारी, हे त्यात लिहिलंय. चुका तपासायला एक संध्याकाळ नको?

वाटसरू: मजकूर राहू दे बाजूला, आधी लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. लॉगिन मागते का?

घाईत_आहे: मागते! Limit to 1 response चालू आहे, कुणी दोनदा भरू नये म्हणून.

वाटसरू: झालं! ज्यांचं गूगल खातं नाही ते तिथूनच परतले असणार. ते बंद करा. दोनदा आलंच तर शेवटचं ग्राह्य धरा.

घाईत_आहे: पण फोटोही अपलोड करून घ्यायचाय त्यातच.

मृण्मयी: मग लॉगिन लागणारच. फोटो ईमेलच्या उत्तरात मागवा, फॉर्ममधून तो प्रश्न काढा.

घाईत_आहे: शंभर फोटो हाताने जुळवू? बघते. मजकूर आत्ता पाठवते.

तात्या_स्पष्टवक्ते: आमच्याकडे फोन करायचो. एका दुपारी यादी पूर्ण.

मृण्मयी: गुरुवारी दुपारी जे उरतील, त्यांना तेच करा.