चर्चा: शाळेतल्या अभिरूप निवडणुकीची मोजणी वर्गवार करावी का?

नागरिकशास्त्राच्या बाई

मी सातवी ते नववीला नागरिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे अभिरूप निवडणूक आहे, त्या सूचनेचा मसुदा खाली देते. सहाव्या मुद्द्यावरून शिक्षकांतच दोन तट पडले आहेत, म्हणून इथे विचारते: तो ठेवावा की बदलावा?

*सूचना: अभिरूप निवडणूक दिन*
*१. सातवी, आठवी आणि नववीच्या प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे सहा वर्ग मतदान करतील. चार विद्यार्थी उमेदवार आहेत. विजयी उमेदवाराला कोणतेही पद मिळणार नाही.*
*२. प्रत्येक वर्ग हे एक मतदान केंद्र. दुसऱ्या वर्गातला विद्यार्थी केंद्राध्यक्ष असेल. पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचेल, दुसरा नोंदवहीत सही घेईल आणि डाव्या तर्जनीवर खूण करेल, तिसरा मतपत्रिका देईल.*
*३. प्रत्येक उमेदवाराचा एक मतदान प्रतिनिधी केंद्रात बसेल. त्याला चुकीच्या मतदाराला हरकत घेता येईल, मतदाराशी बोलता येणार नाही.*
*४. प्रचार आदल्या दिवशी शाळा सुटताना थांबेल. खाऊ, भेटवस्तू, वैयक्तिक टीका चालणार नाही.*
*५. मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय असेल.*
*६. मोजणी वर्गवार होईल. प्रत्येक वर्गात कोणाला किती मते पडली तो तक्ता फलकावर लावला जाईल. शंभर टक्के मतदान करणाऱ्या वर्गाला फिरता चषक.*
*७. हेतू: मत देणे, मत मागणे आणि निकाल मान्य करणे, या तिन्हींचा अनुभव.*

पालक_आठवी

सहावा मुद्दा तर सगळ्यात चांगला आहे, काढायचा कशाला? खऱ्या निवडणुकीतही कुठल्या केंद्रावर कोणाला किती मते पडली ते नमुना २० मध्ये जाहीर होतं. कोणीही बघू शकतं. मुलांना आकडे मिळू देत, त्यावरून ती बोलतील. चषकामुळे वर्गात हुरूपही येईल. पारदर्शकता शिकवायची आणि आकडे झाकायचे, हे कसं जमायचं?

माजी_केंद्राध्यक्ष

बाई, बाकी मसुदा नेटका आहे, पण सहावा मुद्दा बदला. कारण आकड्यात सांगतो.

समजा आठवी ब चा पट २७, मतदान २६. चारपैकी एक उमेदवार याच वर्गातला. फलकावर लागतं: वर्गातल्या उमेदवाराला ३ मते, दुसऱ्याला २१, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य, 'कोणीही नाही' १. त्या ३ मधलं एक त्याचं स्वतःचं. 'तुलाच दिलं रे' असं त्याला नऊ जणांनी सांगितलेलं असतं. आता त्याला कळलं की त्यातले किमान सात जण खोटं बोलले. मधल्या सुट्टीत तो एकेकाला धरून विचारणार. आणि समजा २६ पैकी २६ मते एकालाच पडली, तर मग त्या वर्गात गुप्त असं काही उरतच नाही. प्रत्येकाचं मत फलकावर लिहिल्यासारखंच झालं.

मोठ्या केंद्रावर हजारभर मतदार असले तर हा धोका कमी असतो. २६ मतदारांत तो पुरेपूर असतो.

पालकसाहेब, नमुना २० बद्दल तुमचं बरोबर आहे. पण तो यंत्रामुळे आलेला परिणाम आहे. यंत्र आपापल्या केंद्राची बेरीज वेगळी सांगतं. मतपत्रिकांसाठी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत ५९अ हा नियम आहे. जिथे मतदारांना धमकावलं जाण्याची, त्रास दिला जाण्याची भीती आयोगाला वाटते, तिथे मोजणीआधी केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायच्या. निकालानंतर 'या वस्तीने आपल्याला मत दिलं नाही' म्हणून तिथलं पाणी, रस्ता अडवण्याचे प्रकार होतात, त्यावरचा हा उपाय.

पालक_आठवी

काका, पण इथे पाणी कोण अडवणार? विजयी मुलाला पदच नाही असं पहिल्याच मुद्द्यात लिहिलंय. आणि यंत्रांच्या बाबतीत मिसळायला सरकारनेच नकार दिला, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

माजी_केंद्राध्यक्ष

सांगतो. आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर नावाच्या उपकरणाचा प्रस्ताव ठेवला. चौदा यंत्रं एकत्र जोडायची आणि फक्त एकत्रित बेरीज बघायची. विधी आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारला ते मान्य झालं नाही. त्यांचं म्हणणं असं की केंद्रवार आकडे दिसले तर आपण कुठे कमी पडलो, कुठे जास्त काम करायचं, हे उमेदवाराला कळतं. तो युक्तिवाद पोकळ नाही, मी त्याच्याशी सहमत नाही एवढंच.

आणि पद नसलं तरी त्रास देणारे असतात. वर्गशिक्षकाचा लाडका उमेदवार असतो, डबा एकत्र खाणारे असतात. तेरा वर्षांच्या मुलाला यांची भीती कुठल्याही नगरसेवकापेक्षा जास्त वाटते.

मॉनिटरची_आई

आमच्याकडे मॉनिटरची अशीच निवडणूक झाली होती. माझ्या मुलीला जास्त मते मिळाली, तरी बाईंनी 'अभ्यासात मागे आहे' म्हणून दुसऱ्या मुलीला मॉनिटर केलं. निवडून आलेल्याला पद द्यायचंच नसेल तर मुलांना उभं कशाला करायचं? बाई, तुमच्या मॉनिटरला किती दिवसांची मुदत आहे?

नागरिकशास्त्राच्या बाई

ताई, ही मॉनिटरची निवडणूक नाही, फक्त प्रक्रियेचा सराव आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते मात्र मुळीच बरोबर नाही. मतदान घ्यायचं तर निकाल पाळायचा, नाहीतर सरळ नेमणूक करायची.

काका, मिसळायचं पटतंय. पण आमच्या गणिताच्या सरांचं म्हणणं आहे की सगळं एकत्र ओतलं आणि एक मतपत्रिका जास्त निघाली, तर ती कुठल्या वर्गाची हे कसं कळणार?

कोडवाला

एवढा कागद कशाला? एक ऑनलाइन फॉर्म बनवा, पाच मिनिटांत निकाल. एकाला दोनदा मत देता येऊ नये म्हणून शाळेच्या ईमेलने लॉगिन सक्तीचं करा.

माजी_केंद्राध्यक्ष

लॉगिन सक्तीचं केलं की कोणी भरलं याची नोंद त्या यंत्रणेत राहते, आणि फॉर्म ज्याच्या खात्यावर आहे त्याने पत्ते गोळा करायची सोय चालू ठेवली तर नाव आणि मत एकाच ओळीत दिसतं. मुलांना 'गुप्त आहे' म्हणून सांगायचं ते कशाच्या जोरावर?

गणिताच्या सरांची शंका मात्र नेमकी आहे. उत्तर असं की मिसळण्याआधी प्रत्येक पेटीचा हिशेब लावायचा. पेटी उघडायची, घड्या न उलगडता नुसत्या मतपत्रिका मोजायच्या आणि तो आकडा नोंदवहीतल्या सह्यांशी ताडून बघायचा. २६ सह्या, २६ मतपत्रिका, की प्रतिनिधींच्या सह्या घेऊन पुढची पेटी. २६ सह्या आणि २७ मतपत्रिका निघाल्या तर ती पेटी बाजूला. बहुतेक वेळा दोन पत्रिका चिकटून एकाच्या हाती गेलेल्या असतात. उरलेल्या कोऱ्या पत्रिका मोजल्या की ते लगेच उघडं पडतं, म्हणून छापलेल्या, दिलेल्या आणि उरलेल्या अशा तिन्ही आकड्यांची नोंद केंद्राध्यक्षाने सकाळपासून ठेवावी. कारण सापडलं नाही तर त्या एका वर्गाचं मतदान पुन्हा घ्यायचं. मिसळल्यावर चूक सापडली तर मात्र सहाही वर्गांचं पुन्हा घ्यावं लागतं. सगळ्या पेट्यांचा हिशेब जुळला की मगच एका मोठ्या डब्यात ओता, ढवळा आणि उमेदवारवार लावा.

मसुद्यात नसलेली अजून एक गोष्ट. मतपत्रिकेवर अनुक्रमांक छापू नका. खऱ्या मतपत्रिकेवर तो असतो, स्थळप्रतीवरही असतो, पण स्थळप्रती मोहोरबंद होतात. शाळेत त्या स्टाफरूमच्या टेबलावर पडतात. मागे केंद्राध्यक्षाची सही पुरे. आणि पेनने खूण नको, फुलीचा शिक्का द्या. सातवीतलं अक्षर आणि टिकमार्क वर्गशिक्षक लांबून ओळखतात. शिक्का ओला असतो, म्हणून आधी उभी घडी, मग आडवी. नाहीतर शाई समोरच्या नावावर उमटते आणि मत बाद करायचं की नाही यावर वाद होतो.

पालक_आठवी

हिशेबाचं मान्य. पण चषक का नको? मतदानाची टक्केवारी वर्गवार लावली तर कोणाचं मत फुटतं?

सहशिक्षक_विज्ञान

टक्केवारीने मत फुटत नाही, पण २७ मध्ये एकच गैरहजर असला तर तो कोण हे सगळ्यांना माहीत असतं. 'तुझ्यामुळे चषक गेला' हे त्याला आठवडाभर ऐकावं लागेल. तो तापाने घरी असेल तरी. शिवाय आपल्याकडे मतदान सक्तीचं नाही. पाचव्या मुद्द्यात 'कोणीही नाही' ची मुभा द्यायची आणि सहाव्यात सगळ्यांना ओढून आणणाऱ्याला बक्षीस द्यायचं, हे विसंगत आहे.

पालक_आठवी

विसंगत नाही हो. 'कोणीही नाही' ला मत द्यायलाही यावंच लागतं. येण्याला बक्षीस आहे, कोणाला दिलं त्याला नाही. आणि आपल्याकडे लोक मत द्यायला उठत नाहीत, ही तक्रार आपणच करतो ना? मग सवय कधी लावायची?

माजी_केंद्राध्यक्ष

यात मी पालकसाहेबांच्या बाजूने अर्धा आहे. चषक हवाच असेल तर गैरहजर मुलं पटातून वगळून टक्केवारी काढा. हजर असून मत न देणाऱ्यावर दबाव राहतोच, त्याला माझ्याकडे तोड नाही.

पाचव्या मुद्द्यात मात्र एक ओळ घाला: 'कोणीही नाही' ला सर्वात जास्त मते पडली तर काय? लोकसभा-विधानसभेला त्याचा निकालावर परिणाम होत नाही, उमेदवारांमध्ये पुढे असलेला निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक संस्थांसाठी २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला, तसं झालं तर फेरनिवडणूक. कुठला नियम लावणार हे आधी लिहा. निकालानंतर ठरवलंत तर मुलं तुम्हाला सोडणार नाहीत. समसमान मतांचंही आधीच लिहा, तिथे चिठ्ठी काढतात.

नागरिकशास्त्राच्या बाई

सहावा मुद्दा असा करते: *'प्रत्येक पेटीतील मतपत्रिकांची संख्या नोंदवहीशी जुळवून झाल्यावर सहाही पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळल्या जातील. निकाल फक्त एकत्रित जाहीर होईल. 'कोणीही नाही' ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक, समान मते पडल्यास चिठ्ठी.'* चषकाचं मुख्याध्यापकांवर सोडते, तो त्यांनीच विकत आणून ठेवलाय.

पालक_आठवी

मिसळा. पण निकालानंतर वर्गावर्गात मुलांना विचारा की वर्गवार आकडे बघायला आवडले असते का. बहुतेक हात वर येतील.

सहशिक्षक_विज्ञान

हात वर करून नका विचारू, चिठ्ठीवर विचारा.

मॉनिटरची_आई

मुदतीचं कोणी सांगितलंच नाही.