अनुभव धागा: मोठ्या फ्लॅटात लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतं तेव्हा

उस्मानपुरेकर

मंडळी, आमचा संभाजीनगरचा फ्लॅट म्हणजे शेजारचे दोन फ्लॅट जोडून केलेला. त्यामुळे एकेकाळची बाहेरची जाड भिंत आता घराच्या मधोमध आहे. राउटर हॉलमध्ये, आणि मागच्या बेडरूममध्ये वायर ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवलाय. दोघांचं नाव आणि पासवर्ड एकच. मी बसतो मधल्या खोलीत. कॉल चालू असताना आवाज चारपाच सेकंद जातो आणि परत येतो. फोनला त्याच जागी काही होत नाही.

लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या `Advanced` टॅबात `Roaming Aggressiveness` आणि `Preferred Band` असे दोन पर्याय दिसतात. ज्यांनी हे बदलून बघितलंय त्यांनी सांगा: काय ठेवलं, काय सुधारलं आणि काय बिघडलं. "राउटर बदला" हा सल्ला सोसायटीतल्या प्रत्येकानं देऊन झालाय, तेवढा सोडून.

गोदाकाठची

नांदेडहून. आमचा एकच राउटर, दोन्ही बँडचं नाव एक. मी स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर शिकवण्या घेते, मध्ये दोन भिंती. लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झ धरायचा, तो कमजोर झाला की 2.4 वर यायचा, जरा बरा दिसला की परत 5 वर. दर उडीला पोरं ओरडायची, "मॅडम, तुमचा आवाज येईना."

`Preferred Band` मध्ये `Prefer 2.4GHz band` केलं आणि उड्या थांबल्या. स्पीड निम्म्याहून खाली आला, खोटं कशाला बोलू. पण शिकवणीला फळा आणि आवाज गेला की झालं. मोठी फाइल उतरवायची असली की लॅपटॉप उचलून हॉलमध्ये जाते.

बीडचा_बाळू

रोमिंग तर मी कधीच बंद करून टाकलंय भाऊ. हैदराबादला गेलं की बॅलन्स कटायचा.

उस्मानपुरेकर

बाळूभाऊ, ते सिमचं रोमिंग. हे घरातल्या घरात एका राउटरवरून दुसऱ्यावर जायचं चाललंय.

बीडचा_बाळू

मग आमच्या दोन खोल्यांत त्याचं काय काम नाही. बसा तुम्ही.

तार_आणि_टॉवर

लातूरला नेटवर्किंगचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर.

राउटर लॅपटॉपला हलवतो असं लोकांना वाटतं. घरगुती सेटअपमध्ये बहुतेक वेळा लॅपटॉपचं कार्डच ठरवतं की आहे तिथं राहायचं की दुसरीकडं जायचं. इंटेलच्या कार्डात पाच पायऱ्या असतात, `1. Lowest` ते `5. Highest`, आणि मुळात `3. Medium` असतं. 1 वर सिग्नल अगदी ढासळेपर्यंत कार्ड जागा सोडत नाही. 5 वर जराशी घसरण झाली तरी दुसरं शोधायला निघतं. हा आकडा सिग्नल वाढवत नाही, फक्त शोध कधी सुरू करायचा ते सांगतो.

तुमच्या मधल्या खोलीत दोन्हीकडून सारखाच सिग्नल पोचत असणार. पण अंदाज करू नका, बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडून कॉल चालू असताना हे चालू ठेवा:

```
for /l %i in (1,1,300) do @(netsh wlan show interfaces | findstr "BSSID Signal" & timeout 2 >nul)
```

`BSSID` समोरचा पत्ता म्हणजे नेमका कुठला अ‍ॅक्सेस पॉइंट. आवाज गेला त्याच क्षणी पत्ता बदलला, तर दोष उड्यांचा. पत्ता तोच राहून `Signal` ढासळला, तर दोष भिंतीचा. दोन्ही जागच्या जागी असताना आवाज गेला, तर हे आकडे सोडा आणि लाइन तपासा. नव्या विंडोजवर लोकेशन बंद असेल तर ही कमांड आधी त्याची परवानगी मागते.

उस्मानपुरेकर

केलं. पत्ताच बदलतोय! हॉलचा सिग्नल 58 टक्के, मागचा 62. मधलं दार कुणी लोटलं की आकडे उलटे होतात आणि लॅपटॉप पळतो. `Advanced` मध्ये बघितलं तर `5. Highest` होतं, भाच्यानं कधीतरी लावलेलं.

`1. Lowest` केलं. मधल्या खोलीत कॉल एकदम स्थिर. पण लॅपटॉप घेऊन मागच्या बेडरूममध्ये गेलो तर तो हॉललाच चिकटून! शेजारी अ‍ॅक्सेस पॉइंटचा दिवा लुकलुकतोय आणि हा जाड भिंतीपलीकडचा क्षीण सिग्नल ओढत बसलाय, चित्र अडकतंय. वायफाय बंद-चालू केलं तेव्हा हलला. शेवटी `2. Medium-Low` वर आणलं. आता मधल्या खोलीत टिकतो आणि मागं गेल्यावर थोडा वेळ घेऊन का होईना, बदलतो.

जालन्याचं_लोखंड

आमच्याकडं तर उलटं झालं. `5. Highest` केल्यावरच सुरळीत चालायलंय. घर लांबट आहे, एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला रिपीटर. लॅपटॉप राउटर सोडायचाच नाही. सगळ्यांनी सरळ 5 ठेवावं असं माझं मत.

तार_आणि_टॉवर

तुमच्या घरात ते बरोबर आहे, कारण तुमच्या दोन जागांमध्ये मोठं अंतर आहे. बदलायची वेळ आली की दुसरीकडचा सिग्नल स्पष्ट जास्त असतो. सगळ्यांनी 5 ठेवावं हे मात्र नाही. उस्मानपुरेकरांचं वरचं वाचा.

रिपीटरबद्दल एक बघून ठेवा. लॅपटॉपला फक्त स्वतःपासून रिपीटरपर्यंतचा सिग्नल कळतो, रिपीटर राउटरला किती धरून आहे ते नाही. म्हणून शेजारी रिपीटर असला की टक्के नव्वदीत दिसतात आणि पान उघडत नाही. 5 ठेवलं की कार्ड अशा जागी आणखी हौसेनं जाऊन बसतं. तुमचा रिपीटर दूर टोकाला नको, निम्म्या वाटेवर ठेवा.

परभणीची_सून

माझ्या लॅपटॉपच्या यादीत `Preferred Band` आहे, रोमिंगचा पर्यायच नाही. नणंदेच्या मॅकबुकात तर असला टॅबच नाही. आणि एक त्रास: विंडोजनं ड्रायव्हर अपडेट केला की माझं लावलेलं सगळं मूळच्या जागी जातं. परत वायफाय तुटायला लागलं की आधी तिथं जाऊन बघते.

तार_आणि_टॉवर

पर्याय ड्रायव्हरवर असतात. कार्डाची कंपनी बदलली की नावंही बदलतात. ज्या ड्रायव्हरनं नीट चालतंय त्याचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा.

गोदाकाठची

मी बँड 2.4 वर ठेवलाय, तर रोमिंगचा आकडाही कमी करायचा का? राउटर तर एकच आहे.

तार_आणि_टॉवर

एका राउटरचे दोन बँड कार्डाला दोन वेगळ्या जागांसारखेच दिसतात, त्यामुळं आकड्याचा परिणाम तिथंही होतो. पण तुमचं चालतंय तर हात लावू नका. परत त्रास झाला तर राउटरमध्ये दोन बँडना दोन नावं द्या आणि 2.4 च्या नावालाच जोडा.

उस्मानपुरेकर

माझं एक राहिलंय. कॉल तुटत नाहीत, पण लॅपटॉप झाकून परत उघडला की कधीकधी वायफाय दिसतच नाही. `Power Management` मधली वीज वाचवण्याची खूण काढून बघितली, फरक नाही. रोमिंगचा याच्याशी संबंध आहे का?

तार_आणि_टॉवर

नसावा. लॅपटॉपचं मॉडेल आणि ड्रायव्हरची तारीख टाका. आज साइटवर आहे, रात्री बघतो.