दोन तृतीयांश बहुमत असलं की घटनेत काहीही बदलता येतं का?

कोपऱ्यातला बाक: लोकांनी निवडून दिलेली संसद घटनादुरुस्ती करते आणि कोणीच न निवडलेले जज ती रद्द करतात, हे कसं चालतं? घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही म्हणतात, पण दुरुस्तीचा अधिकार देणाऱ्या कलम ३६८ मध्ये 'मूलभूत चौकट' हा शब्द तरी आहे का?

जुना वकील: शब्द नाहीये, मान्य. पण ३९ वी दुरुस्ती बघा. जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. ७ ला बिल लोकसभेत पास, ८ ला राज्यसभेत, ९ ला राज्यांची मंजुरी आणि १० ला राष्ट्रपतींची सही, म्हणजे सुनावणीच्या आदल्या दिवशी सगळं उरकलं. नव्या कलम ३२९अ च्या चौथ्या खंडात काय होतं, तर पंतप्रधानांच्या त्या निवडणुकीला आधीचा निवडणूक कायदा लागूच नाही, हायकोर्टाचा निकाल रद्द आणि निवडणूक वैध. ३६८ ची प्रोसिजर सगळी पाळलेली. आता ही दुरुस्ती म्हणायची, की एका चालू केसचा निकाल संसदेनेच लिहून टाकला म्हणायचं?

सडेतोड: एक्झॅक्टली! म्हणून संसदेला चौकट मोडता येत नाही असं सांगणाऱ्या केशवानंद निकालाच्या जोरावर कोर्टाने बाईंची निवडणूक रद्द केली ना.

जुना वकील: अर्धं बरोबर. ७ नोव्हेंबरला चौथा खंड उडाला, आणि गंमत म्हणजे त्या पाच जजपैकी चार जण १९७३ ला केशवानंदमध्ये ७ विरुद्ध ६ मधल्या, चौकट न मानणाऱ्या सहांत होते. पण निवडणूक वैधच ठरली, कारण संसदेने साधा निवडणूक कायदा मागच्या तारखेपासून बदलून ठेवला होता आणि तो कोर्टाने मान्य केला.

तिसरा मजला: आमच्या सोसायटीत पण सेम, जनरल बॉडीत बहुमताने ठराव केला की भांडणाऱ्या मेंबरांना मतदान नाही. मी कोर्टात जाऊ का?

जुना वकील: तुमचं वेगळं आहे हो. सोसायटीच्या वर सहकार कायदा आहे, तो ठराव त्याच्याशी ताडून बघता येतो. घटनेच्या वर काहीच नाही, भांडण तिथेच आहे.

कोपऱ्यातला बाक: मग चौकटीत काय काय येतं हे कोण ठरवणार? केशवानंदमध्येच प्रत्येक जजची यादी वेगळी. आणि २०१५ ला जज नेमायला आयोग आणणारी ९९ वी दुरुस्ती रद्द करताना जजांच्या नेमणुकीत जजांचाच शब्द मोठा, हेसुद्धा चौकटीत बसवलं. स्वतःच्याच केसमध्ये स्वतः निकाल, हे ३२९अ पेक्षा फार वेगळं आहे का?

जुना वकील: २०१५ चा निकाल मलाही पटत नाही, खरं सांगतो. पण ४२ व्या दुरुस्तीने ३६८ मध्येच घातलं होतं की कुठल्याही दुरुस्तीवर कोर्टात प्रश्न विचारता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला मर्यादाच नाही. १९८० ला मिनर्व्हा मिल्स केसमध्ये सुप्रीम कोर्टात ते उडालं, कारण ज्याला मोजून अधिकार दिलाय तो त्याच अधिकाराने मोजमापच पुसून टाकू शकत नाही. ते नसतं उडालं तर उद्या एखाद्या संसदेने निवडणुकाच बंद केल्या, तर तुम्ही तिला मत देऊन पाडणार कधी?

कोपऱ्यातला बाक: निवडणुका बंद करणारी संसद कोर्टाचा निकाल ऐकेल असं वाटतं तुम्हाला?