मदत हवी आहे: जात, बाईमाणूस आणि विषमता यावर नीट अभ्यास करून लिहिलेली, पण झेपतील अशी पुस्तकं सुचवा

निवांत_नाशिककर
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गणपतीत सगळे घरी जमलो होतो आणि माझं मेव्हण्याशी वाजलं. तो म्हणाला शहरात जात राहिलीच कुठे, मी म्हटलं लग्नाची पत्रिका काढ मग बोलू, आणि अर्धा तास आम्ही दोघंही व्हॉट्सॅपवर आलेलंच एकमेकांच्या तोंडावर फेकत बसलो. शेवटी अकरावीतली मुलगी म्हणाली, बाबा तुमच्या एवढ्या भांडणात एक पण बाई आली नाही. मोदक घशात अडकला.

तर मला तीन-चार पुस्तकं हवीत. मराठी असेल तर उत्तम, इंग्रजी चालेल पण डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायला लागू नये. मागे कुणाच्या तरी सांगण्यावरून लुई ड्युमाँचं होमो हायरार्किकस आणलं, साठाव्या पानावर बुकमार्क चार वर्षं तसाच आहे. आणि संतुलित हवं, म्हणजे आरडाओरडा नको, लेखक म्हणतोय ते कशावरून म्हणतोय ते कळायला हवं.

तयारी_चालू
सर जोडका यांचं कास्ट घ्या, ऑक्सफर्डचं छोटं आहे. उत्तराला इंट्रो छान होतो. निबंधाच्या पेपरला विषमता विषय येणार असं क्लासवाले म्हणतायत, कोणाकडे नोट्स आहेत का?

निवांत_नाशिककर
अहो मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, मला कोण पेपर देऊ देणार :) पण जोडका टिपून घेतलं.

गोधडी
मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय, म्हणून मी तिथूनच सुरू करायला सांगेन. जाड पुस्तक घेऊच नका. आंबेडकरांचा 1916 चा निबंध वाचा, कास्ट्स इन इंडिया. कोलंबिया विद्यापीठात एका सेमिनारमध्ये वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. विसेक पानं आहेत. सरकारने काढलेल्या इंग्रजी खंडांच्या पहिल्याच खंडात आहे, मराठी भाषांतरंही मिळतात.

त्यातला मुद्दा हिशेबासारखा आहे. जात टिकायची तर लग्न जातीतच व्हायला हवं, हे धरून चला. आता एका गटात लग्नाच्या वयाचे बाप्ये आणि बायका साधारण सारखे आहेत. नवरा मेला की एक बाई उरते. ती बाहेर लग्न करेल तर जात फुटली. आत करेल तर एका कुमारिकेच्या वाट्याचा नवरा गेला, म्हणजे पुन्हा बाई उरलीच. मग तिचं करायचं काय? एक तर नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा आणि ती कोणाला नकोशी वाटेल अशी करून ठेवा. आता उलटं बघा, बायको मेली आणि बाप्या उरला. त्याला जाळता येत नाही, संन्यास लादता येत नाही, कारण गटाला तो हवाय आणि वजनही त्याचंच. मग त्याला बायको कुठून आणायची? अजून लग्नाच्या वयात न आलेल्या पोरींतून. झाला बालविवाह. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तिन्ही एकाच दोरीने बांधलेत. पंचवीस वर्षांच्या मुलाने हे लिहिलंय, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसून होते.

पण लक्षात ठेवा, ही मांडणी आहे, पुरावे गोळा करून लिहिलेला ग्रंथ नाही. पुरावा हवा तर त्याच्या मागोमाग उमा चक्रवर्ती घ्या. जेंडरिंग कास्ट हे सामान्य वाचकासाठीच आहे. आणि रीरायटिंग हिस्टरी हे पंडिता रमाबाईंवरचं, पण त्यात पेशवाईतली ब्राह्मण विधवा, केशवपन, त्यात राज्यसत्तेचा हात हे सगळं येतं. दुसरं जरा जड आहे, पण आपल्या पुण्याचंच आहे त्यामुळे ओढून नेतं.

शेवंती
गोधडीताई, हे वाचून मला आमच्या घरातलं एकदम लागलं. आम्ही कराडकडचे, मराठा. आजी कायम ठसक्यात सांगायची "आमच्यात पाट लावत न्हाईत". मग ट्रंकेत एक फोटो सापडला, पणजीची थोरली बहीण, शेजारी जो माणूस आहे तो तिचा दुसरा नवरा, म्हणजे पाटच लावलेला! आजीला विचारलं तर फोटो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि परत ट्रंकेत तळाशी घातला. एक शब्द नाही. मला वाटायचं विधवांचं ते सगळं ब्राह्मणांतच असायचं.

गोधडी
शेवंती, तुमचा फोटो म्हणजे अख्खा धडा आहे. पाट, म्होतूर बऱ्याच जातींत सर्रास होतं. पण जातीची पत वर न्यायची म्हटलं की आधी काय बंद करायचं, तर पाट. घराण्याची इज्जत चढते आणि तिची किंमत विधवा मोजते. निबंधात हेही आहे की वरच्यांचं अनुकरण करता करता ही बंद दारं खाली पसरत गेली. आजी अजून असेल तर लिहून घ्या हो.

खरं_सांगतो
एकांगी चाललंय सगळं. जात ही मुळात इंग्रजांनी जनगणनेत तयार केली, त्याआधी नुसते व्यवसाय होते. अमेरिकन प्राध्यापक निकोलस डर्क्स यांचं कास्ट्स ऑफ माइंड वाचा, मग बोला.

चष्मिस
डर्क्स वाचलंय का भाऊ? की पाठचं कव्हर? तो असं म्हणतच नाही की जात नव्हती. त्याचं म्हणणं, गाव, घराणं, पंथ, राजाची मर्जी अशा खूप ओळखी होत्या, इंग्रजांनी जात ही एकच पट्टी सगळ्याला लावली. 1901 च्या जनगणनेत तिचा प्रमुख अधिकारी रिस्ले याने जातींची वरखाली क्रमवारी लावायला घेतली आणि आमचा नंबर वर लावा म्हणून अर्जांचा पाऊस पडला, हे खरंच आहे. म्हणजे इंग्रजांनी घट्ट केली म्हणा, वाद घालता येईल. पण चोखोबा चौदाव्या शतकातले, तेव्हा कुठला कलेक्टर होता त्यांना देवळाबाहेर ठेवायला?

खरं_सांगतो
बरं, तयार केली शब्द मागे घेतो. पण घट्ट केली हे तर मान्य केलंत ना. आणि धागाकर्त्याने संतुलित मागितलंय, आरक्षणावर वेगळं मत असलेलं एक तरी नाव द्या.

गोधडी
मागणी रास्त आहे. आंद्रे बेतेय वाचा. 1965 चं कास्ट, क्लास अँड पॉवर हे तंजावरच्या एका गावाचं आहे, जात, जमीन आणि सत्ता एकाच हातात होती ती कशी सुटी होत गेली ते त्यात दिसतं. जातीवर आधारलेल्या कोट्यांबद्दल त्यांनी पुढे शंका घेतल्यात, पण सभ्यपणे आणि कारणं देऊन. मला पटत नाहीत सगळ्या, तरी वाचायला लावेन.

आकडेमोड
मेव्हण्याच्या "शहरात कुठे आहे" वर येतो. 2007 मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा प्रयोग ईपीडब्ल्यू या अभ्यासकांच्या साप्ताहिकात आला, नंतर ब्लॉक्ड बाय कास्ट या 2010 च्या पुस्तकातही घेतलाय. खाजगी कंपन्यांच्या पेपरातल्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक नावाचा, एक सवर्ण हिंदू वाटेल असं, एक दलित, एक मुस्लिम. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याचे ऑड्स, म्हणजे बोलावणं येणं आणि न येणं यांचं प्रमाण, सवर्ण नावाला 1 धरले तर दलित नावाला सुमारे 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33. (याला "67 टक्के लोकांना बोलावलं" असं ग्रुपवर फिरवू नका प्लीज, तो अर्थ नाही.)

आता गंमत. 2009 मध्ये बॅनर्जी, बर्ट्रँड वगैरे मंडळींचा दिल्ली भागातला असाच प्रयोग छापून आला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा फरक दिसलाच नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत दिसला. म्हणजे तुम्ही आणि मेव्हणा दोघंही थोडे थोडे जिंकलात. आणि दोन्ही प्रयोग फक्त पहिल्या दारापर्यंतचे आहेत, अर्जावर फोन येतो का एवढंच मोजतात. मुलाखतीत काय होतं, पगार किती ठरतो, ओळखीने परस्पर भरलेल्या जागा किती, यातलं काही कळत नाही. माझी चाळणी हीच, जो लेखक आपला आकडा कुठे थांबतो ते स्वतःहून सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा. अश्विनी देशपांडे यांचं द ग्रामर ऑफ कास्ट (2011) त्या जातीचं आहे. जातीचं म्हणजे प्रकारचं, जीभ बघा कशी वळते. त्यात जात आणि बाई एकत्र घेऊनही आकडे तपासलेत. तक्ते आले की उडी मारा, त्याखालचं वाचा, समजतं.

खरं_सांगतो
सॉफ्टवेअरमध्ये फरक नाही म्हणजे संपलंच की.

आकडेमोड
एका शहरातला, एका काळातला, एका पायरीवरचा निष्कर्ष आहे. त्यावरून संपलं म्हणायचं तर कॉल सेंटरवरून सगळं तसंच आहे असंही म्हणता येईल. दोन्ही नका म्हणू.

चष्मिस
मराठी कोणीच सांगेना म्हणून मी. बेबी कांबळे, जिणं आमचं. फलटणच्या. आपल्या छोट्याशा दुकानात बसून लिहायच्या आणि नवऱ्यापासून वह्या लपवून ठेवायच्या, कैक वर्षं.

तयारी_चालू
पण आत्मचरित्र म्हणजे एका बाजूचंच झालं ना? संतुलित कसं?

चष्मिस
वाचून बघ. गावाने महारवाड्याचं काय केलं ते त्यात आहेच. पण महारवाड्याच्या आत सासूने सुनेचं काय केलं तेही आहे. दळण, मारझोड, पळून जाईल म्हणून सुनेच्या पायात लाकडी खोडा, संशयावरून नाक कापणं. स्वतःच्याच माणसांबद्दल हे छापायला किती जिगर लागली असेल. यापेक्षा जास्त संतुलन मला तरी कुठल्या प्राध्यापकाकडे दिसलं नाही.

गोधडी
+1. आणि त्याच्या शेजारी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं आम्हीही इतिहास घडवला ठेवा, 1989 चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन भेटून लिहिलंय. परिषदा, सत्याग्रह, वसतिगृहं यात कोण कोण होतं ते नावानिशी कळतं. फक्त आठवणी आहेत, त्यामुळे तारखा-बिरखा दुसरीकडे पडताळून घ्याव्यात.

शेवंती
मला एक विचारायचंय, मराठा, माळी, धनगर अशा घरांतल्या बायकांवर असं संशोधन करून लिहिलेलं मराठीत एखादं सोपं पुस्तक आहे का? ताराबाई शिंद्यांचं स्त्रीपुरुष तुलना आहे घरी, पण ते 1882 चं. आजीच्या वेळचं हवंय.

गोधडी
सोपं आणि मराठीत, असं चटकन हाताशी नाही. विचारून सांगते.

निवांत_नाशिककर
सगळ्यांचे आभार. आज सार्वजनिक वाचनालयात जाऊन आलो. जिणं आमचं बाहेर गेलंय, नाव नोंदवून ठेवलं. सरकारी खंड मिळाला, निबंध रात्रीत निम्मा झाला. उरलेल्या बाईचा हिशेब मुलीला वाचून दाखवत होतो तर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "तुझ्या आत्याचं लग्न बिजवराशी लावलं ते असंच की रे, तेरा वर्षांची होती ती." मला हे माहीतच नव्हतं. ड्युमाँ परत कपाटात. मेव्हण्याला सॉफ्टवेअरवाला प्रयोग पाठवलाय, कॉल सेंटरचं दिवाळीला सांगेन.