शब्दचर्चा: एकच उतारा तीन-चारदा वाचणे याला काय म्हणावे?

सातवी-ब (चोपडा तालुका)
उपचारात्मक वाचनाच्या तासाचं टाचण लिहिते आहे. सहावी-सातवीची अडखळत वाचणारी मुलं आहेत. पन्नास-साठ शब्दांचा एकच उतारा मूल लागोपाठ चार वेळा मोठ्याने वाचतं. या कृतीला नाव हवं आहे. ‘पुनर्वाचन’ लिहिलं, तर सहकारी म्हणाले, "म्हणजे कालचा धडा आज पुन्हा?"

अमळनेरकर
‘द्रुतवाचन’ लिहा. वेग वाढवायचाच उद्देश आहे ना?

जुना खडू
वेगाचं बरोबर, शब्द मात्र चुकेल. द्रुतवाचन म्हणजे न थांबता एकदा वाचून आशय पकडणं. पाठ्यपुस्तकात आता त्याला स्थूलवाचन म्हणतात. इथे उलट आहे. उतारा तोच ठेवायचा, अक्षरं जुळवण्याचे कष्ट दर वेळी कमी व्हायचे आणि मन अर्थाकडे मोकळं व्हायचं. मला ‘आवर्तन’ जवळचा वाटतो. अथर्वशीर्षाची आवर्तनं करतात, त्यात मजकूर बदलत नाही.

गिरणाकाठ
आमच्याकडे आवर्तन म्हणजे धरणातून पाटाला सुटणारं पाणी. पोरं तेच समजतील. बाकी माझा नातू फाडफाड वाचतो, पण काय वाचलं ते विचारलं की गप्प. त्याला चार वेळा वाचायला लावू का?

जुना खडू
नको. ही पद्धत अडखळणाऱ्यांसाठी आहे. नातवाला दर परिच्छेदानंतर थांबवून "काय झालं ते सांग" म्हणा. आणि ज्याला अक्षरंच ओळखता येत नाहीत त्यालाही ही नको, त्याला आधी बाराखडी आणि जोडाक्षरं.

सातवी-ब
परवाचा तास सांगते. उतारा मीच लिहिला होता, साठ शब्दांचा. सुरुवात अशी: "तापीच्या काठावर केळीच्या बागा आहेत. घडांचे वजन पेलण्यासाठी शेतकरी झाडांना बांबूचा आधार देतात." पहिलं वाचन मदत न करता घेतलं. मुलाला १ मिनिट ५० सेकंद लागले, पाच चुका. ‘पेलण्यासाठी’ त्याने ‘पे-ल-णया-साठी’ असं फोडलं. मग चुकलेले शब्द फळ्यावर लिहून म्हणवून घेतले. एकदा मी वाचलं, तो शब्दाखाली बोट फिरवत होता. त्यानंतर तीन वाचनं, दुसऱ्यानंतर एक प्रश्न: "बांबू कशाला लावतात?" चौथं वाचन १ मिनिट ५ सेकंदांत, चूक एक. वीस मिनिटांत एवढंच झालं.

अमळनेरकर
पण हे पाठांतरच झालं की! चौथ्यांदा कोणीही घडाघडा म्हणेल.

सातवी-ब
तुमची शंका रास्त आहे, मलाही तीच भीती होती. म्हणून दुसऱ्या दिवशी तेच अवघड शब्द घेऊन तेवढ्याच लांबीचा नवा उतारा दिला. पहिल्याच वाचनाला १ मिनिट २५ सेकंद लागले. त्याच्या शेजारच्याची गोष्ट वेगळी. चौथ्या वाचनाला त्याचे डोळे आढ्याकडे होते. मधल्याच ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, तर तो पहिल्या ओळीपासून म्हणत आला. नव्या उताऱ्यावर त्याचा वेळ कालच्या पहिल्या वाचनाएवढाच. त्याच्यासाठी आता उतारे आणखी सोपे आणि छोटे करते आहे.

जुना खडू
उतारा निवडताना माझा अंदाज असा: पहिल्या वाचनात दहा शब्दांत एकाहून जास्त चुका झाल्या, तर उतारा त्याच्यासाठी जड. तुमचा पाच चुकांचा मुलगा बरोबर जागी होता. इंग्रजीसाठीचे मिनिटाला अमुक शब्द हे आकडे मात्र आपल्याकडे लावू नका. आपला ‘पेलण्यासाठी’ एका शब्दात केवढं वाहून नेतो! मुलाची तुलना त्याच्याच कालच्या वेळाशी.

सातवी-ब
एक विचारायचं राहिलं. तो ‘केळीच्या’ला ‘केयीच्या’ म्हणाला. चुकांत धरू?

गिरणाकाठ
अजिबात नको! आमच्या घरात डोळ्याला डोया आणि जळगावला जयगावच म्हणतात.

जुना खडू
सहमत. अहिराणी बोलणाऱ्या मुलाने ‘ळ’ पाहिला, शब्द ओळखला आणि घरच्या उच्चारात म्हटला, म्हणजे वाचन बरोबर झालं. ‘केळी’ला ‘केली’ म्हणून तो गोंधळून थांबला असता तर धरली असती. प्रमाण उच्चाराचा सराव वेगळ्या वेळी घ्या, घड्याळ लावलेलं असताना नको. त्याला तिथे टोकलंत तर तो प्रत्येक ‘ळ’पाशी दबकेल.

अमळनेरकर
मग शब्द काय ठरला? ‘फेरवाचन’ कसा?

जुना खडू
फेरमोजणी, फेरपरीक्षा… पहिलं बिघडलं म्हणून पुन्हा, असा वास येतो. मुलाचं पहिलं वाचन बिघडलेलं नसतं. मी अजून आवर्तनावरच आहे.

सातवी-ब
टाचणात सध्या ‘आवर्तन-वाचन’ लिहिलं आहे. वर्गात मुलं स्वतःच "बाई, माझी तिसरी फेरी राहिली" म्हणतात, तिथे ‘फेरी’च चालू ठेवते.

गिरणाकाठ
फेरी बरी. पण आवर्तन लिहाल तिथे ‘वाचन’ जोडायला विसरू नका, नाहीतर पाटबंधाऱ्याचं टाचण वाटेल.