मदत हवी आहे: काउंटडाउन रील्स उशिरा पोचतात, वेटलिस्ट भरत नाही

आमचं नाचणीचं इन्स्टंट आंबील दिवाळीआधी बाजारात येतंय. पहिली बॅच ४०० पाकिटांची, म्हणून आधी वेटलिस्ट. इन्स्टाग्रामवर सात दिवसांची रील मालिका ठरवली, रोज २० सेकंद. चार झाल्या आहेत.

अडचण अशी की रील त्याच दिवशी दिसेल याचा भरवसा नाही. ‘७ दिवस बाकी’वाली काल, म्हणजे चौथ्या दिवशी, सर्वांत जास्त पाहिली गेली. खाली एका ताईंची कमेंट: “अजून आठवडा आहे ना?” बघणारे बहुतेक फॉलोअर नाहीत, त्यामुळे आधीच्या रील्स त्यांनी पाहिलेल्याच नसतात.

व्ह्यूज ९,००० च्या आसपास, नोंदणी ३१. गूगल फॉर्ममध्ये सहा रकाने होते, ते नाव आणि व्हॉट्सॲप नंबर एवढेच ठेवले. थोडा फरक पडला. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती बायोमध्ये आहे. स्टोरीत लिंक स्टिकर लावतो, पण स्टोरी बहुतेक जुने फॉलोअरच बघतात. जाहिरातीला पैसे नाहीत आणि तारीख हलवता येणार नाही.

उरलेल्या तीन रील्समधून आकडा काढून फक्त तारीख लिहावी आणि उलटमोजणी स्टोरीतच ठेवावी का? आणि फॉर्मऐवजी थेट व्हॉट्सॲप चॅटची लिंक दिल्यावर कुणाची नोंदणी वाढली आहे का?